कुरळे केस ओले कापावेत की कोरडे? आधी बट किती आखडते ते मोजा

प्रश्न: माझे केस खांद्याखाली येतात आणि बऱ्यापैकी कुरळे आहेत. मागच्या वेळी धुऊन ओले असतानाच कापले. तिथे छान दिसले, पण घरी येऊन वाळल्यावर डावीकडचे केस उजवीकडच्यापेक्षा दोन बोटं वर गेले आणि समोरचे तर भुवईच्याही वर. आता एक हेअरस्टायलिस्ट म्हणते कुरळे केस कोरडेच कापायचे, दुसरी म्हणते कोरड्या केसांवर नेमका कट बसतच नाही. दोघीही अनुभवी आहेत. माझ्या केसांना काय लागेल हे आधी कसं ओळखायचं?

उत्तर:

त्या दोघीही खोटं बोलत नाहीयेत. दोघींनी आपल्या हाताला बसलेली पद्धत सांगितली, एवढंच. पण तुमच्या केसांची खरी अडचण त्या दोन उत्तरांच्या मध्ये राहून गेली आहे. तुमच्या डोक्यावर सगळ्या बटा सारख्या आखडत नाहीत. डावीकडची जास्त आखडते, उजवीकडची कमी, समोरची सगळ्यात जास्त. हे कापण्याआधी कोणी पाहिलं नाही, मोजलं नाही. ते मोजलं की ओलं की कोरडं याचं उत्तर बहुतेक वेळा आपोआप मिळतं.

मी २२ वर्षं केस कापते आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त कुरळ्या केसांचे असतात. मी दोन्ही पद्धतींनी कापते, बऱ्याचदा एकाच डोक्यावर दोन्ही वापरते. त्यामुळे कुठल्या एका बाजूची वकिली करत नाही.

आधी ओल्या केसाचं काय होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. केसाला त्याचा पीळ मिळतो तो केराटिनच्या साखळ्या एकमेकींना धरून ठेवणाऱ्या बंधांमुळे. त्यातले काही बंध मजबूत असतात, सल्फरचे. ते पाण्याने सुटत नाहीत, म्हणून कुरळे केस कितीही धुतले तरी कुरळेच राहतात. दुसरे असतात हायड्रोजनचे बंध. ते संख्येने खूप, पण नाजूक. पाणी आत शिरलं की हे सुटतात आणि केस वाळताना पुन्हा जुळतात. म्हणून ओली बट सैल होते, लांब दिसते, वर पाण्याचं वजन तिला आणखी खाली ओढतं. वाळली की ती आपल्या मूळ वळणावर जाऊन बसते. यालाच आम्ही आखडणं किंवा श्रिंकेज म्हणतो.

यात भर पडते ती हाताच्या ओढीची. ओला केस बराच ताणला जातो, सुमारे ३० टक्क्यांपर्यंत लांब होऊन पुन्हा पूर्ववत होऊ शकतो. आता कापणारीने बट कंगव्याने विंचरली, दोन बोटांत घट्ट धरली आणि बोटांच्या खाली कात्री चालवली, तर ती प्रत्यक्षात ताणलेला केस कापते. कानाच्या वरच्या भागात हे सगळ्यात जास्त अंगाशी येतं, कारण तिथे बट कानावरून घेऊन खाली ओढली जाते. सोडली की आधी ताण सुटतो, मग वाळताना पीळ बसतो, आणि कान अचानक उघडा पडतो. दोन्ही बाजूंना हाताची ओढ सारखी नसेल तर बाजूही वेगवेगळ्या होतात. उजव्या हाताने कापणाऱ्या माणसाचा डाव्या आणि उजव्या बाजूला उभं राहण्याचा कोन वेगळा असतो, त्यामुळे ओढ नकळत बदलते. तुमची डावी बाजू वर जाण्यात याचाही वाटा असू शकतो.

आता मुख्य मुद्दा. केस खूप आखडतात म्हणजे ते कोरडेच कापायला हवेत, असं बरेच जण समजतात. माझा अनुभव तसा नाही. समजा कोणाचे केस डोक्यावर सगळीकडे ४० टक्के आखडतात. अशा केसांतून ओले असताना ५ सेंमी कापले, तर वाळल्यावर सगळीकडे ३ सेंमी कमी झालेले दिसतील. हिशोब सरळ आहे आणि ओल्या केसावर रेषाही स्वच्छ मिळते. असे केस मी बिनधास्त ओले कापते. याउलट कोणाचे केस दिसायला फक्त लाटदार आहेत, पण टाळूवर १५ टक्के आणि मानेवर ४० टक्के आखडतात, तिथे ओल्या केसांवरचा अंदाज फसणारच. म्हणजे किती आखडतात यापेक्षा जागोजागी किती फरकाने आखडतात, ते जास्त महत्त्वाचं.

हे तुम्ही घरी मोजू शकता. वीस मिनिटांचं काम आहे, मधला वाळण्याचा वेळ सोडून. केस नेहमीसारखे धुवा, गुंता काढा, कंडिशनर धुऊन टाका आणि त्या दिवशी जड क्रीम किंवा तेल लावू नका. मग पाच जागा निवडा: मानेच्या मधोमध, टाळूवर, डावं कानशील, उजवं कानशील आणि कपाळाच्या वर समोर. प्रत्येक जागेची पेन्सिलीइतकी जाड एक बट वेगळी करा आणि टोकाजवळ शिवणाचा रंगीत दोरा सैल बांधा, म्हणजे नंतर तीच बट सापडेल. ओली असताना ती बोटांत धरून फक्त सरळ होईल इतकीच ओढा, त्याहून जास्त नाही. मुळापासून टोकापर्यंत टेपने मोजा आणि लिहून ठेवा. मग केसांना हात न लावता पूर्ण वाळू द्या. पूर्ण म्हणजे आतून मुळाशीसुद्धा. मानेवरचे आतले केस सगळ्यात शेवटी वाळतात आणि अर्धवट ओली बट मोजली तर आकडा चुकतो. वाळल्यावर त्याच बटा जशा लटकतात तशाच, न ओढता, मुळापासून टोकापर्यंत पुन्हा मोजा.

कोरड्या लांबीला ओल्या लांबीने भागा. ४० सेंमीची बट वाळून २४ वर आली तर ०.६, म्हणजे ४० टक्के आखडली. पाचही जागांचे आकडे एकमेकांच्या आसपास, साधारण १० टक्क्यांच्या आत असतील, तर नीट हाताची स्टायलिस्ट ओले कापूनही छान कट देऊ शकते. फरक १५ टक्क्यांच्या पुढे असेल तर निदान त्या भागात तरी कोरडं कापायला हवं. मधल्या फरकाला कट कसला हवा आहे ते बघते. एका लांबीचा साधा कट असेल तर ओलं चालतं. लेयर्स किंवा समोर फ्रिंज हवी असेल तर कोरडं. हे आकडे पुस्तकातले नाहीत. माझ्या खुर्चीत बसलेल्या डोक्यांवरून बसवलेले आहेत, तेव्हा एखाद-दोन टक्के इकडेतिकडे झाले म्हणून अडून बसू नका.

एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण त्यातला घोळ तुमच्यासारखाच होता. एका बाईंचे केस खांद्यावर येणारे, पीळ मध्यम. त्यांना खालची लांबी राखून वर लेयर्स हव्या होत्या आणि दोन्ही बाजू सारख्या दिसायला हव्या होत्या. आधी दोन ठिकाणी ओले कापून बिघडलेले होते. मी त्यांना केस धुऊन, वाळवून, मोकळे सोडून यायला सांगितलं आणि आल्यावर आधी कोरड्या बटा मोजल्या, मग ओल्या करून मोजल्या.

मानेवर ओली ४० सेंमी, कोरडी २२. टाळूवर ओली ३५, कोरडी २८. डाव्या कानशिलावर ओली ३०, कोरडी १८. उजव्या कानशिलावर ओली तितकीच ३०, पण कोरडी २२. म्हणजे मानेवर ४५ टक्के आखडत होते आणि टाळूवर फक्त २०. कानशिलांवर डावीकडे ४० आणि उजवीकडे सुमारे २७.

कानशिलांचे आकडे बघा. ओल्या असताना दोन्ही बटा अगदी एकसारख्या ३० सेंमी. आधीच्या दोघींनी दोन्ही बाजू ओल्या पकडून आरशात समोरासमोर जुळवल्या असणार, आणि ओल्या केसांवर त्या बरोबरच होत्या. त्यांच्या कापण्यात काही चूक नव्हती. तशाच ओल्या बटांतून ५ सेंमी काढून दोन्ही २५ वर आणल्या असत्या, तर वाळल्यावर डावी १५ वर गेली असती आणि उजवी १८ च्या वर राहिली असती. तीन सेंमीहून जास्त फरक, म्हणजे दोन बोटं. वाळल्यावर दोन्ही १७ सेंमी दिसायला हव्या असतील तर ओल्या केसांवर डावी सुमारे २८ आणि उजवी सुमारे २३ ठेवावी लागेल. ओल्या डोक्यावर जाणूनबुजून ५ सेंमीचा वाकडेपणा ठेवून कापायचं, तेही प्रत्येक बटेला वेगळा, हे कोणाच्याच हाताला जमणारं काम नाही. तिथे कोरडं कापणं हाच शहाणपणा.

मानेवर मात्र मी तीन जागी मोजलं, डावीकडे, मधे आणि उजवीकडे. तिन्हीकडे आखडणं जवळजवळ सारखं निघालं, फरक फार तर ३ टक्के. म्हणून खालची रेषा मी ओल्या केसांवर घेतली. कंगव्याच्या दातांवर केस टेकवून, बोटांत न धरता कापली, आणि ठरलेल्या लांबीपेक्षा ३ सेंमी जास्त ठेवून. मग थोडं जेल, डिफ्यूझर लावून पूर्ण वाळवलं. त्यानंतर टाळू, बाजू आणि समोरचं सगळं कोरडं, एकेक बट.

उजव्या कानशिलावर २२ वरून १८ वर आणायचं होतं. मी आधी फक्त अडीच सेंमी काढले आणि थांबले. केस कापला की त्याचं वजन कमी होतं आणि उरलेली बट आणखी थोडी वर चढते. थोडं हलवून, हाताने वर करून सोडल्यावर ती साडेअठरावर येऊन बसली. मग अर्धा सेंमी. डावीकडे जवळजवळ कात्री लावलीच नाही, नुसती फाटलेली टोकं काढली. एकंदर सव्वादोन तास लागले. शेवटी त्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली: ज्या दिवशी तुम्ही केस सरळ कराल, त्या दिवशी डावी बाजू उजवीपेक्षा पाच सेंमी लांब दिसेल. त्या वर्षातून एखाद-दोनदाच सरळ करतात, त्यांना चाललं. ज्या दर आठवड्याला सरळ करतात त्यांच्यावर मी असा कट करणार नाही.

यातून पुढचा प्रश्न आलाच: तुम्ही केस बहुतेक दिवस कसे ठेवता? चार दिवस कुरळे आणि तीन दिवस सरळ ठेवणाऱ्यांसाठी तडजोडच करावी लागते. दोन्ही बाजूंचा फरक निम्माच भरून काढायचा, म्हणजे कुरळे असतानाही थोडासा दिसेल आणि सरळ असतानाही, पण कुठेच डोळ्यांत खुपणार नाही. कायम कुरळे ठेवणाऱ्यांनी सरळ केसांची काळजी सोडून द्यावी. आणि केस आधी सरळ ब्लोड्राय करून मग कापायचे, असं कोणी सुचवलं आणि तुम्ही कुरळे ठेवत असाल, तर नम्रपणे नाही म्हणा. ओल्या केसांवर निदान थोडा पीळ तरी दिसतो. ब्लोड्राय केलेल्या केसांवर तोही पुसला जातो.

फार घट्ट, स्प्रिंगसारख्या पिळाचे केस असतात, जे निम्म्याहून जास्त आखडतात, त्यांची गोष्ट थोडी वेगळी. तिथे लांबीपेक्षा एकूण आकार महत्त्वाचा असतो. केस गोल फुलवून ठेवायचे असतील तर कोरडे, फुलवलेल्या अवस्थेतच बाहेरचा आकार बघून कापायचे. पण वेण्या घालून किंवा ताणून ठेवायचे असतील तर ताणलेल्या अवस्थेत कापलेलं बरं. आणि ज्यांनी आधी केमिकलने केस सरळ केले होते आणि आता नवीन कुरळे वाढतायत, त्यांच्या एका केसातच दोन स्वभाव असतात, मुळाशी पीळ आणि टोकाला सरळ. ओल्या अवस्थेत ते दोन्ही एकसारखे लांबट दिसतात. अशा केसांवर कोरडंच कापा. जुना सरळ भाग कुठून सुरू होतो ते वाळल्यावरच नीट दिसतं.

कोरड्या कटाचं कौतुक करताना एक गोष्ट बऱ्याचदा राहून जाते. कोरडा कट तुमच्या डोक्यावर त्या क्षणी जे आहे तेच वाचतो. तुम्ही दोन दिवस पोनी बांधून आलात तर रबराने पडलेला खाच कापणारीला खरा पीळ वाटेल. कंगव्याने विंचरून फुलवून आलात तर बटा दिसणारच नाहीत, नुसता ढग दिसेल. झोपलेल्या बाजूचे केस चपटे असतील तर ती बाजू लांब वाटेल आणि जास्त कापली जाईल. म्हणून कोरड्या कटासाठी त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी धुतलेले, गुंता काढलेले, पूर्ण वाळलेले, कधीही न बांधलेले केस हवेत. अर्धवट ओल्या केसांवर केलेला ‘कोरडा’ कट मी सगळ्यात धोकादायक समजते. आतला भाग अजून आखडायचा असतो आणि कापणारी मात्र वाळलेत असं धरून चाललेली असते.

कापण्याची रीतही वेगळी. बट जिथे नैसर्गिक वळते, त्या वळणाच्या शेवटी, टोक आत वळतं तिथे कात्री लागली तर टोक बटेत सामावून जातं. वळणाच्या मध्यावर, जिथे केस बाहेरच्या दिशेने निघालेला असतो, तिथे कापलं तर टोक बाहेर काट्यासारखं उभं राहतं. जवळून बघितलं तर हे लगेच दिसतं: बट खाली येता येता डावी-उजवी झुलते, आणि शेवटचा झोल आत वळत असताना थांबायचं. हे ओल्या, सैल पडलेल्या बटेवर ओळखणं फार कठीण. म्हणून फरक कमी असला तरी शेवटची टोकं मी कोरड्यावरच बघते. कोरड्या केसाला कात्रीही खूप धारदार लागते. बोथट कात्री कोरडा केस कापण्याऐवजी दुमडते, आणि काही आठवड्यांत तिथेच टोक फाटतं. थिनिंग कात्री कुरळ्या केसांत मी जवळजवळ वापरतच नाही. ती बटेच्या आत छोटे छोटे केस तयार करते, ते मुळाशी वर उठतात आणि केस आवरायच्या ऐवजी फुगतात.

ओल्या कटाच्या बाबतीतही एकच ओल सगळीकडे हवी. पाऊण तासाच्या कटात शेवटी कापायचा भाग निम्मा वाळलेला असतो. तो मधून मधून पाणी फवारून पुन्हा पहिल्याइतका ओला केला नाही तर एकाच डोक्यावर दोन मापं लागतात. रुंद दातांचा कंगवा, बोटांची ओढ नाही, ठरल्यापेक्षा दोन-तीन सेंमी लांब, आणि शेवटी वाळवून पुन्हा एकदा नजर. ही शेवटची पायरी टाळून ओल्या केसांनीच घरी पाठवणाऱ्यांमुळे ओला कट बदनाम झाला आहे.

समोरच्या केसांबद्दल मी जास्त काटेकोर आहे, त्याला कारण आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका मुलीची फ्रिंज मी ओली कापली. तिचे समोरचे केस लांब असताना साधारण ४० टक्के आखडत होते, म्हणून मी ओली बट मुळापासून १२ सेंमी ठेवली, वाळून ७ च्या आसपास भुवईवर येईल असा हिशोब केला. वाळल्यावर ती साडेपाचवर जाऊन बसली. लांब बटेला खाली ओढणारं वजनच मी काढून टाकलं होतं, त्यामुळे आखडण्याचा जुना आकडा लागूच राहिला नव्हता. ती काही बोलली नाही, फक्त आरशात बघत ते केस हाताने खाली ओढत राहिली. तेव्हापासून समोरची बट, डोकं कोणाचंही असो, मी शेवटी आणि कोरडीच कापते. आधी नाकाच्या टोकापर्यंत, मग थांबायचं, सोडायचं, बघायचं, मग पुढे. तुमच्या भुवईच्या वर गेलेल्या केसांचं कारणही बहुधा हेच.

आता कोणाकडे जायचं ते कसं ठरवाल? पद्धत विचारू नका, कारण ‘मी कोरडे कापते’ हे कोणीही म्हणू शकतं. वेळ घेताना विचारा, ‘मी केस कसे ठेवून येऊ?’ धुऊन, वाळवून, मोकळे सोडून या, काही जड लावू नका, असं उत्तर आलं तर ती कोरडे केस वाचणारी आहे. ‘कसेही या, इथे धुऊनच कापते’ असं म्हणाली तर लगेच नाकारू नका. पुढे विचारा, ‘धुण्याआधी तुम्ही कोरडे बघाल ना?’ खरी कसोटी खुर्चीत बसल्यावर असते. चांगली स्टायलिस्ट पहिली पाच मिनिटं कात्री हातात घेत नाही. एकेक बट खाली ओढून सोडते, किती वर जाते बघते, डाव्या-उजव्या बाजू तुलना करते, भांग कुठे पाडता विचारते, केस सरळ करता का विचारते. हे सगळं करून ती ओले कापायचं म्हणाली तर विश्वास ठेवा. आणि कोरडे बघायचं सोडून तुम्हाला थेट बेसिनकडे नेलं तर मग ती कुठलीही पद्धत वापरो, तुमच्या डाव्या-उजव्या फरकाचा तिला पत्ताच लागणार नाही. त्या क्षणी थांबवायला संकोच करू नका. ‘आधी जरा कोरडे असतानाच दोन्ही बाजू बघता का, वाळल्यावर डावीकडचे वर जातात’ एवढं म्हटलं तरी पुरतं.

तुमच्या केसांना आत्ता काय हवं ते सांगते. आधी पाच जागांचं मोजमाप करा. माझा अंदाज आहे की डावं आणि उजवं कानशील यांत बराच फरक निघेल, आणि तसं झालं तर बाजू आणि समोर कोरडंच कापून घ्या. मानेवरची रेषा हवी तर ओली होऊ दे. डावीकडे वर गेलेल्या केसांची बरोबरी करायला उजवीकडचे सगळे एकदम कमी करून घेऊ नका. पहिल्या वेळी उजवीकडून फक्त निम्मा फरक काढायला सांगा, दीड-एक सेंमी. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंमी वाढतात, तेव्हा दोन-तीन महिन्यांत डावी बाजूही खाली आलेली असेल आणि उरलेला फरक तेव्हा बघता येईल. समोरच्या केसांना तर तोवर कात्रीच लागू देऊ नका.

कट झाल्यावर लगेच निकाल लावू नका. घरी दोनदा, तुमच्या नेहमीच्या पद्धतीने धुऊन वाळवा. पहिल्या धुण्यापर्यंत तिथलं जेल आणि तिथला ड्रायर बोलत असतो. दुसऱ्या धुण्यानंतर आरशासमोर सरळ उभं राहून दोन्ही बाजूंची एकेक बट हलकेच खाली ओढून सोडा. एखादी बट सोडल्यावर बाकीच्यांपेक्षा स्पष्ट वेगळी बसत असेल तर तिच्यावर दोरा बांधून ठेवा आणि आठ-दहा दिवसांत परत जाऊन तेवढीच दाखवा. बहुतेक स्टायलिस्ट एवढ्या दोन-तीन बटा आनंदाने नीट करून देतात, आणि पुढच्या वेळी तुमच्या डाव्या बाजूवर कुठे थांबायचं हे त्यांच्याही लक्षात राहतं.